दीड अंशाचे कार्बन बजेट: आकडा येतो कुठून?

पृथ्वीचे सरासरी तापमान एका ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ द्यायचे नसेल, तर माणसाला यापुढे एकूण किती कार्बन डायऑक्साइड हवेत सोडता येईल, त्या राशीला उर्वरित कार्बन बजेट म्हणतात. सरकारचे बजेट दर वर्षी नव्याने मांडले जाते. हे बजेट तसे नाही. जगाचे उत्सर्जन निव्वळ शून्यावर येईपर्यंतच्या सगळ्या वर्षांना मिळून ही एकच राशी असते आणि खर्च झालेला भाग पुन्हा जमा होत नाही. ती अब्ज टनांत मोजतात. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांतून, शिवाय जंगलतोडीतून, २०२५ मध्ये जगाने मिळून सुमारे ४२ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडला. हा हिशेब दर वर्षी ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट हा संशोधकांचा आंतरराष्ट्रीय गट मांडतो. तापमानवाढ दीड अंश सेल्सिअसवर थांबण्याची शक्यता निम्मी ठेवायची असेल, तर २०२६ च्या आरंभी जगाच्या हाती १७० अब्ज टन शिल्लक होते, असे या गटाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. आजच्या वेगाने ही शिल्लक चार वर्षांत संपते.

या आकड्यावर राजकारण चालते, मथळे होतात आणि वादही होतात. तो कसा काढला जातो हे मात्र फारसे सांगितले जात नाही. आकड्यामागची रीत कळली, की तो दर वर्षी उत्सर्जनापेक्षा जास्त का घटतो आणि दोन संस्थांचे आकडे वेगळे का येतात, या दोन्ही प्रश्नांचा उलगडा होतो.

सगळ्याचा पाया कार्बन डायऑक्साइडच्या एका गुणधर्मात आहे. हा वायू साचत जातो. धूर, धूळ किंवा गंधकाचे कण हवेत गेले तर काही दिवसांत किंवा आठवड्यांत पावसाबरोबर खाली येतात. मिथेन साधारण बारा वर्षांत विघटित होतो. कार्बन डायऑक्साइडचे हवेत असे विघटन होत नाही. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग समुद्र आणि वनस्पती शोषून घेतात, उरलेला हवेतच राहतो आणि त्यातला मोठा हिस्सा शतकानुशतके तिथेच असतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे या वायूचे सुमारे २८० रेणू होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. म्हणून १९०० साली मँचेस्टरच्या गिरणीत जळलेला कोळसा आणि आज सकाळी चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात जळलेला कोळसा यांच्यात तापमानाच्या दृष्टीने फार फरक नाही. दोन्ही एकाच बेरजेत जातात. १८५० ते २०१९ या काळात माणसाने एकूण सुमारे २,३९० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडला, असा आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीचा अंदाज आहे. त्यातला ढोबळमानाने एक तृतीयांश जंगले तोडून शेती आणि कुरणे केल्यामुळे आला. आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. या राशीतला ४२ टक्के भाग १९९० ते २०१९ या शेवटच्या तीस वर्षांतला आहे, म्हणजे धोका कळल्यानंतरचा.

वायू साचतो एवढ्याने बजेट मांडता येत नाही. त्यासाठी साचलेली राशी आणि तापमान यांच्यात सरळ प्रमाण असावे लागते. २००९ मध्ये माइल्स ॲलन, माल्टे माइन्सहाउझेन, डेमन मॅथ्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे शोधनिबंध थोड्याच काळाच्या अंतराने प्रसिद्ध झाले आणि हे प्रमाण ठळकपणे पुढे आले. आजवर सोडलेला एकूण कार्बन डायऑक्साइड एका अक्षावर आणि त्यामुळे झालेली तापमानवाढ दुसऱ्या अक्षावर मांडली, तर जवळजवळ सरळ रेषा मिळते. उत्सर्जन पन्नास वर्षांत झाले की दीडशे वर्षांत, याने फारसा फरक पडत नाही. शेवटची बेरीज तेवढी महत्त्वाची. २०१३ च्या आयपीसीसी अहवालाने ही कल्पना स्वीकारली. २०२१ च्या सहाव्या अहवालानुसार या रेषेचा चढ असा आहे: दर १,००० अब्ज टनांमागे तापमान सुमारे ०.४५ अंश वाढते. खरा आकडा बहुधा ०.२७ ते ०.६३ च्या दरम्यान असावा, असेही तोच अहवाल म्हणतो. या दोन टोकांमधले अंतर मोठे आहे आणि पुढची बरीच अनिश्चितता इथूनच येते.

निसर्गात इतकी सरळ रेषा मिळणे हे मुळात नवल आहे, कारण तिच्यामागची एकही प्रक्रिया सरळ नाही. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढत जातो तसा त्याच्या प्रत्येक नव्या टनाचा उष्णता अडवण्याचा प्रभाव कमी होतो. अंगावर तीन गोधड्या असताना चौथीने जितकी ऊब वाढते, ती पहिलीपेक्षा कमीच असते. एवढेच घडत असते, तर रेषा हळूहळू आडवी झाली असती. पण त्याच वेळी समुद्र बदलत असतो. कार्बन डायऑक्साइड विरघळून त्याच्या वरच्या थराची रासायनिक क्षमता कमी होते, पाणी तापते, आणि समुद्र पूर्वीइतका वायू व पूर्वीइतकी उष्णता आत घेऊ शकत नाही. म्हणजे प्रत्येक नव्या टनातला जास्त भाग हवेत राहतो. एका बाजूने प्रभाव घटतो, दुसऱ्या बाजूने वाढतो आणि दोन्ही मिळून रेषा जवळपास सरळ राहते. अशी जुळणी व्हायलाच हवी असा भौतिकशास्त्राचा कोणताही नियम नाही. त्यामुळे फार मोठ्या उत्सर्जनापर्यंत हे प्रमाण टिकेलच, असे कोणी सांगत नाही. दीड ते दोन अंशांच्या पल्ल्यात मात्र त्यावर विसंबता येते.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. उत्सर्जन शून्यावर आले, तर तापमान तिथेच थांबेल का? समुद्र तापायला शतके लागतात, म्हणून उत्सर्जन थांबले तरी तापमान वाढतच राहील, असे अनेक वर्षे मानले जात होते. हवेतले कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आहे तेवढेच ठेवले, तर ते खरेही आहे. पण उत्सर्जन खरोखर शून्य झाले, तर ते प्रमाण तेवढेच राहत नाही. समुद्र आणि जंगले वायू शोषत राहतात, प्रमाण हळूहळू घटते आणि त्यामुळे होणारी थंडाई समुद्राच्या उरलेल्या तापण्याला जवळजवळ भरून काढते. २०२० मध्ये अठरा हवामान प्रारूपांवर हाच प्रयोग करून पाहिला गेला. उत्सर्जन थांबल्यानंतर पन्नास वर्षांनी तापमानात सरासरी ०.०७ अंशाची घट दिसली. एका टोकाला ०.३६ अंशाची घट होती, दुसऱ्या टोकाला ०.२९ अंशाची वाढ. आयपीसीसीने म्हणून हा परिणाम शून्य धरला. पण प्रारूपांमधला हा फरक क्षुल्लक नाही. दर ०.१ अंशामागे सुमारे २२० अब्ज टनांचा हिशेब असताना, खरी बाजू वाढीची निघाली तर आज उरलेले सगळे बजेट त्यातच संपलेले असू शकते.

आता प्रत्यक्ष गणित. सहाव्या अहवालातला दीड अंशासाठीचा, निम्म्या शक्यतेचा आकडा घेऊ. तो ५०० अब्ज टनांचा आहे आणि त्याचा आरंभ १ जानेवारी २०२० आहे. पहिली पायरी म्हणजे आजवर झालेली तापमानवाढ वजा करणे. १८५० ते १९०० या काळाची सरासरी आधाररेषा मानली, तर २०१० ते २०१९ या दशकापर्यंत माणसामुळे तापमान १.०७ अंश वाढले होते. दीडमधून ते वजा केले की ०.४३ अंश उरतात. दुसरी पायरी कार्बन डायऑक्साइडखेरीज इतर घटकांची. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड तापवतात, गंधकाचे कण थंड ठेवतात. जग निव्वळ शून्याकडे जाईल तेव्हा कोळसा कमी जळेल, म्हणजे थंडाई देणारे कणही कमी होतील. भातशेती, जनावरे आणि खते यांच्यातून येणारे वायू मात्र पूर्णपणे थांबणार नाहीत. या सगळ्यापोटी सुमारे ०.१ अंश बाजूला ठेवावे लागतात. उरले ०.३३. उत्सर्जन थांबल्यानंतरची वाढ शून्य धरली आहे, म्हणून तिथे काही वजा होत नाही. तिसरी पायरी भागाकाराची: ०.३३ ला दर हजार अब्ज टनांमागच्या ०.४५ ने भागले की सुमारे ७३० अब्ज टन येतात. ही शिल्लक त्या दशकाच्या मध्याची, म्हणजे २०१५ च्या आरंभीची झाली. २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत सुमारे २१० अब्ज टन सोडून झाले होते. ते वजा केले की ५२० च्या आसपास उरतात. गोठलेली जमीन वितळून बाहेर पडणारा वायू आणि तत्सम परिणामांचा एक लहान हिस्सा यातून कापला जातो. आयपीसीसी आकडा पन्नासच्या पटीत देते, म्हणून शेवटी ५०० येतात. खरी पद्धत यापेक्षा बारकाईची आहे, पण तिचा सांगाडा हाच.

या पायऱ्या पाहिल्या की आकड्याचे स्वरूपही स्पष्ट होते. एका मोठ्या संख्येतून दुसरी मोठी संख्या वजा करून उरलेला लहान शेष म्हणजे हे बजेट. अशा शेषात छोटी चूकही मोठी दिसते. आजवरच्या तापमानवाढीच्या मोजमापात ०.०५ अंशाचा फरक निघाला, तर बजेट शंभर अब्ज टनांहून जास्त हलते. दोन अंशांच्या मर्यादेसाठी असाच फरक फारसा जाणवत नाही, कारण तिथे शेष मोठा आहे: २०२० पासून निम्म्या शक्यतेने १,३५० अब्ज टन. मर्यादा जितकी जवळ येते तितका तिच्या बजेटचा आकडा अस्थिर होतो. सध्या दीड अंशाच्या बाबतीत नेमके हेच घडते आहे.

‘निम्म्या शक्यतेने’ या शब्दांकडेही बातम्यांमध्ये फार दुर्लक्ष होते. सहाव्या अहवालात दीड अंशासाठी एक आकडा नाही, पाच आहेत. ८३ टक्के खात्री हवी असेल तर बजेट ३०० अब्ज टन. ६७ टक्के खात्रीसाठी ४००, ५० टक्क्यांसाठी ५००, ३३ टक्क्यांसाठी ६५०, आणि केवळ १७ टक्के शक्यता चालणार असेल तर ९००. हे सगळे आकडे एकाच मर्यादेचे आणि एकाच तारखेचे आहेत. रेषेचा खरा चढ आपल्याला नक्की माहीत नाही, त्या अज्ञानाचे माप म्हणजे ही टक्केवारी. तीनशे आणि नऊशे यांतला आकडा निवडणे हे विज्ञानाचे काम नाही. किती धोका पत्करायचा, हा तो निर्णय आहे. धरणाची भिंत ५० टक्के सुरक्षित आहे म्हणून कोणी ते भरू देणार नाही. हवामानाच्या चर्चेत मात्र ५० टक्क्यांचाच आकडा सर्रास वापरला जातो, आणि तो सर्वांत सोयीच्या आकड्यांपैकी आहे हे सांगितले जात नाही. शिवाय ही टक्केवारी केवळ रेषेच्या चढाबद्दल आहे. मिथेन आणि इतर घटकांवर जग काय करते, यावर बजेट आणखी २२० अब्ज टनांनी वर किंवा खाली जाऊ शकते, असे तोच अहवाल सांगतो.

मग २०२० चे ५०० अब्ज टन २०२६ मध्ये १७० वर कसे आले? त्यातला मोठा भाग साधा खर्च आहे. २०२० ते २०२५ या सहा वर्षांत जगाने सुमारे २४० ते २४५ अब्ज टन सोडले. एवढ्यानेच शिल्लक २५५ च्या आसपास येते. बाकीची घट हिशेब सुधारल्यामुळे झाली. २०२३ मध्ये रॉबिन लॅम्बोल आणि सहकाऱ्यांनी नवी प्रारूपे आणि ताजी आकडेवारी घेऊन गणित पुन्हा मांडले, तेव्हा त्या वर्षाच्या आरंभीची शिल्लक सुमारे २५० अब्ज टन निघाली. याच तारखेला जुन्या पद्धतीने ती सुमारे ३८० येत होती. फरकामागचे मुख्य कारण गंधकाच्या कणांचे. आधी वाटत होते त्यापेक्षा या कणांनी पृथ्वीला जास्त थंड ठेवले होते, असे नव्या आकडेवारीवरून दिसले. म्हणजे हवा स्वच्छ होत जाईल तशी झाकलेली तापमानवाढही जास्त उघडी पडेल आणि दुसऱ्या पायरीत बाजूला ठेवायचा हिस्सा मोठा होईल. चीनने गेल्या दशकभरात गंधकाचे प्रदूषण झपाट्याने कमी केले. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली गेली. माणसांच्या फुफ्फुसांसाठी हे दोन्ही निर्णय योग्यच होते. पण प्रदूषणाने उधारीवर दिलेली थंडाई आता परत करावी लागते आहे, आणि ती कार्बन बजेटमधूनच वळती होते.

दर वर्षी असाच हिशेब करणाऱ्या पिअर्स फॉर्स्टर यांच्या गटाने २०२५ च्या आरंभीची शिल्लक १३० अब्ज टन काढली. त्यातून आणखी एका वर्षाचा खर्च वजा केला, तर २०२६ च्या आरंभी नव्वदच्याही खाली आकडा येतो. ग्लोबल कार्बन प्रोजेक्टचे १७० हे जुन्या पद्धतीच्या २५५ आणि या नव्वद यांच्या साधारण मध्ये आहेत. त्यामुळे दोन बातम्यांत दोन वेगळे आकडे दिसले, तर एक खोटा आणि एक खरा असे समजण्याचे कारण नाही. मर्यादा किती अंशांची, शक्यता किती टक्के, आरंभाची तारीख कोणती आणि इतर वायूंचा हिशेब कसा धरला, हे चार तपशील जुळवून पाहिले की बहुतेक विसंगती मिटते.

याच संदर्भात आणखी एक गैरसमज पसरला. २०२४ हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. जागतिक हवामानशास्त्र संघटनेच्या मते त्या वर्षीचे सरासरी तापमान आधाररेषेपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी जास्त होते. मग दीड अंशाचे बजेट आधीच संपले का? तसे नाही. बजेट ज्या मर्यादेसाठी काढतात, ती एका वर्षाच्या तापमानाची नसून माणसामुळे झालेल्या दीर्घकालीन वाढीची असते. २०२४ मध्ये एल निनोनेही तापमान वर ढकलले होते. माणसाचा वाटा वेगळा काढला तर तो त्या वर्षी सुमारे १.३६ अंश होता. पण इथे दिलासा मानण्यासारखे काही नाही, कारण हा वाटा दर दशकाला सुमारे ०.२७ अंशाने वाढतो आहे.

बजेट खर्च करणारी यंत्रे तर आधीच उभी आहेत. आज चालू असलेली औष्णिक केंद्रे, पोलाद आणि सिमेंटचे कारखाने, गाड्या, बॉयलर यांनी आपले नेहमीचे आयुष्य नेहमीच्या पद्धतीने पूर्ण केले, तर त्यांतून सुमारे ६६० अब्ज टन बाहेर पडतील, असे आयपीसीसीच्या २०२२ च्या अहवालात म्हटले आहे. आखलेले नवे प्रकल्प धरले तर ८५०. दीड अंशासाठी २०२० मध्ये सांगितलेल्या ५०० अब्ज टनांपेक्षा हे दोन्ही आकडे मोठे आहेत. एकही नवे औष्णिक केंद्र बांधले नाही तरी, जुनी केंद्रे मुदतीआधी बंद केल्याशिवाय किंवा कमी चालवल्याशिवाय, दीड अंशाचे गणित कधीच बसत नव्हते.

शिल्लक ठरली तरी ती कोणाच्या वाट्याला किती, याबद्दल पॅरिस करार गप्प आहे. भारताच्या दृष्टीने हा भाग सर्वांत जिव्हाळ्याचा, आणि त्यावरचे काही महत्त्वाचे काम मुंबईत झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेत २०१० मध्ये जागतिक कार्बन बजेट आणि न्याय्य वाटप या विषयावर परिषद झाली. टी. जयरामन आणि तेजल कानिटकर यांनी तेव्हापासून हा विचार सातत्याने मांडला. त्यांचे म्हणणे असे, की वातावरण ही सर्वांची सामाईक मालमत्ता आहे, म्हणून केवळ उरलेल्या बजेटची नव्हे तर आरंभापासूनच्या संपूर्ण बजेटची वाटणी लोकसंख्येनुसार पाहिली पाहिजे.

ही मांडणी आकड्यांत घालून पाहता येते. १८५० पासूनचे २,३९० आणि २०२० मध्ये उरलेले ५०० मिळून दीड अंशाचे एकूण बजेट सुमारे २,८९० अब्ज टन होते. दक्षिण आशियात जगातले जवळपास एक चतुर्थांश लोक राहतात. आजच्या लोकसंख्येनुसार त्यांचा वाटा सुमारे ७०० अब्ज टनांचा व्हायला हवा. आयपीसीसीच्या आकडेवारीनुसार २०१९ पर्यंतच्या उत्सर्जनात दक्षिण आशियाचा हिस्सा होता चार टक्के, म्हणजे शंभर अब्ज टनांच्या आत. अमेरिका आणि कॅनडा मिळून लोकसंख्या पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वाटा सुमारे १४० अब्ज टन. त्यांनी केलेला खर्च २३ टक्के, जवळजवळ ५५० अब्ज टन. वाट्याच्या चौपट. हे गणित ढोबळ आहे. आजची लोकसंख्या इतिहासाला लावणे योग्य का, परिणाम माहीत नसतानाच्या काळातले उत्सर्जन धरावे का, असे आक्षेप घेतले जातात आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. पण आरंभाची तारीख १८५० ऐवजी १९९० धरली, तरी असमतोल नाहीसा होत नाही.

इतिहास बाजूला ठेवून केवळ उरलेले १७० अब्ज टन सव्वाआठ अब्ज माणसांत वाटले, तर प्रत्येकाला एकदाच आणि कायमचे वीस टनांहून थोडे अधिक मिळतात. कोळसा, तेल आणि वायू यांतून सरासरी अमेरिकी नागरिक वर्षाला चौदा टन सोडतो. त्याचा वाटा दीड वर्षात संपतो. सरासरी भारतीय दोन टनांहून थोडे जास्त सोडतो. त्याला तो नऊ वर्षे पुरतो. भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य गाठण्याचे जाहीर केले. त्यानंतरच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या दीर्घकालीन आराखड्यात, जागतिक कार्बन बजेटमधल्या आपल्या न्याय्य वाट्यावर हक्कही सांगितला. हा हक्क नैतिकदृष्ट्या भक्कम आहे. भौतिकदृष्ट्या अडचण अशी, की वाट्याचा बराच भाग इतरांनी आधीच वापरून टाकला आहे. तेवढा कार्बन डायऑक्साइड आता कोणाच्या खात्यात उरलेला नाही, तो हवेत आहे. म्हणून या हक्काची भरपाई उत्सर्जनाच्या रूपात मिळणे शक्य नाही. ती स्वस्त भांडवल, तंत्रज्ञान आणि श्रीमंत देशांची वेगवान कपात याच रूपांत मिळू शकते. आंतरराष्ट्रीय वाटाघाटी नेमक्या इथेच अडून बसतात.

दीड अंशाची शिल्लक संपली म्हणजे हिशेबही संपतो, असे नाही. १.७ अंशांसाठी २०२६ च्या आरंभी सुमारे ५२५ अब्ज टन उरले होते, दोन अंशांसाठी १,०५५. रेषा तीच, फक्त मर्यादा पुढे सरकते. मर्यादा ओलांडून पुन्हा खाली येण्याचा मार्गही चर्चेत आहे. उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचे आणि नंतर हवेतून कार्बन डायऑक्साइड काढत राहायचे, असा तो मार्ग आहे. रेषा उलट दिशेनेही साधारण तीच लागू होते असे धरले, तर तापमान ०.१ अंशाने खाली आणायला सुमारे २२० अब्ज टन काढावे लागतील. आज माणसाच्या प्रयत्नांनी वर्षाला दोन अब्ज टनांच्या आसपास वायू हवेतून काढला जातो, आणि तो जवळजवळ सगळा झाडे लावून व जंगले वाढवून. यंत्रांनी हवेतून थेट शोषून काढलेला वायू त्यात अगदी नगण्य आहे. झाडांचा साठाही वणव्यात किंवा दुष्काळात परत हवेत जाऊ शकतो. आजच्या गतीने २२० अब्ज टन काढायला शंभरहून अधिक वर्षे लागतील. तेवढाच कार्बन डायऑक्साइड जग सध्या सव्वापाच वर्षांत सोडते.